62 टक्के वाढ, पण कोणत्या महिन्याची?

*मी चिपळूणला राहतो. बिस्किटं आणि फरसाण बनवणाऱ्या एका कंपनीत चार वर्षं सेल्स एक्झिक्युटिव्ह आहे. खेड, चिपळूण आणि गुहागर हे तीन तालुके माझ्याकडे. रत्नागिरीत एका मोठ्या कंपनीत जागा निघाली म्हणून रेझ्युमे दिला. तिथल्या ओळखीच्या माणसाने वाचून सांगितलं, "ही तुझ्या नेमणूकपत्राची नक्कल झाली. तू काय केलंस ते कुठे आहे?" मग मी "ऑगस्टमध्ये विक्री 62 टक्क्यांनी वाढवली" अशी एक ओळ घातली. पण बाकीच्या ओळींत आकडे आणू कुठून? माझं काम रोज दुकानं फिरायचं. रेझ्युमे आणि दोन वर्षांची महिनावार शीट सोबत पाठवतोय.*
*– एक वाचक, चिपळूण*

नमस्कार.

त्या 62 टक्क्यांपासूनच सुरुवात करू, कारण ती ओळ सगळ्यात आधी काढायची आहे. गणित तुमचं बरोबर आहे. ऑगस्ट 2023 मध्ये दुकानांना झालेली विक्री 10 लाख, ऑगस्ट 2024 मध्ये 16 लाख 20 हजार. पण 2023 मध्ये गणेशचतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि 2024 मध्ये 7 सप्टेंबरला. चाकरमानी गावी पोचायच्या दोन-तीन आठवडे आधी वाडीवाडीतली दुकानं माल भरतात. एका वर्षी ही भरणी बरीचशी सप्टेंबरात झाली, दुसऱ्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस. तुम्ही रिकाम्या ऑगस्टशी भरलेला ऑगस्ट ताडून पाहिलात.

रत्नागिरीत तुमच्यासमोर बसणारा माणूस कोकणात दोन पावसाळे फिरलेला असला, तर त्याचा पहिला प्रश्न असेल, "आणि सप्टेंबर?" तुमच्याच शीटमध्ये सप्टेंबर 16 लाखांवरून 12 लाख 70 हजारांवर आलाय, म्हणजे जवळजवळ 21 टक्के घट. ती ओळ लिहून तुम्ही स्वतःच्या हाताने हा प्रश्न बोलावून घेताय. दोन्ही महिने एकत्र धरा: 26 लाख आणि 28 लाख 90 हजार. वाढ 11 टक्के. 62 पुढे 11 फिका दिसतो खरा, पण 11 ला धक्का लागत नाही.

आपल्याकडे सणाचा महिना सरकतो, त्यामुळे महिन्याशी महिना ताडायचाच नाही. 2025 मध्ये तर चतुर्थी 27 ऑगस्टला आली, म्हणजे त्या वर्षीचा सप्टेंबर आणखी रिकामा. जुलै ते सप्टेंबर अशी तिमाही घ्या, किंवा सरळ आर्थिक वर्ष. शिवाय ज्या वर्षाशी तुलना करताय ते वर्ष धड होतं का, तेही पाहा. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्यानंतरच्या महिन्यांशी 2022 ची तुलना करून कुणी वाढ दाखवली, तर ती वाढ दुकानं पुन्हा उघडल्याची असते. तुम्ही ते केलेलं नाही, पण तुमच्या जुन्या रेझ्युमेत त्या वर्षाचा आकडा असेल तर काढून टाका.

अजून एक खबरदारी. आकडा दुकानांना गेलेल्या मालाचाच धरा, म्हणजे सेकंडरीचा. मार्चअखेर टार्गेटसाठी वितरकाच्या गोदामात कोंबलेला माल एप्रिलमध्ये हिशेब मागतो, आणि विक्रीतल्या प्रत्येक जुन्या माणसाला ते ठाऊक असतं. तुमची शीट सेकंडरीची आहे, हे चांगलं. रेझ्युमेतही तो शब्द लिहा.

वर्षाचा आकडा असा आहे: 2023-24 मध्ये 1 कोटी 38 लाख, 2024-25 मध्ये 1 कोटी 56 लाख. वाढ 13 टक्के. हा रेझ्युमेत टाकण्याजोगा आहे, पण एकटा पुरेसा नाही. शीटच्या शेऱ्यात तुम्हीच लिहिलंय की मधे कंपनीने मोठ्या पाकिटांचे दर वाढवले. म्हणजे या 13 मधले काही टक्के कंपनीचे, काही बाजाराचे आणि काही तुमचे. समोरच्याला हवे असतात ते तुमचे. ते वेगळे काढायचे तर रुपयांवरून खाली उतरून दुकानांवर यावं लागतं, कारण दर वाढले म्हणून दुकानं वाढत नाहीत.

तुमच्या रेझ्युमेत या बाबतीत ओळ आहे: "वितरक व किरकोळ दुकानदारांशी उत्तम संबंध राखणे." ही वाचून मला काहीच कळलं नाही. मग शीटचं तिसरं पान उघडलं, आणि सगळी गोष्ट तिथे सापडली.

तुमच्या यादीत 610 दुकानं आहेत. पण यादीत नाव असणं आणि महिन्याला एक तरी बिल होणं यात मोठं अंतर. मार्च 2024 मध्ये बिल झालेली दुकानं 312, मार्च 2025 मध्ये 428. वाढली 116. ती कुठे वाढली ते मी तालुकावार पाहिलं. खेड आणि चिपळूण मिळून फक्त 24. उरलेली 92 एकट्या गुहागर तालुक्यातली, तिथे 71 ची 163 झाली. असं एका ठिकाणी काही उसळलेलं दिसलं की तिथे कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. तुमच्या शेऱ्यात त्याचं कारण अर्ध्या ओळीत आहे: "मे 24 पासून शृंगारतळी सब सुरू."

हीच तुमच्या चार वर्षांतली सगळ्यात मोठी कामगिरी, आणि रेझ्युमेत तिचा पत्ता नाही. आधी चिपळूणच्या वितरकाची गाडी गुहागरला पंधरा दिवसांनी एकदा जायची. पालशेत, हेदवी, वेळणेश्वरच्या छोट्या दुकानदाराने पंधरा दिवसांचा माल एकदम घ्यायचा तर त्याचे पैसे अडकतात, आणि फरसाण पावसाळी हवेत सादळतं. म्हणून तो घ्यायचाच नाही, किंवा दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा. शृंगारतळीला उपवितरक बसल्यावर फेरी आठवड्याची झाली, दुकानदार थोडं थोडं घेऊ लागला. तालुक्याची महिन्याची विक्री 1 लाख 10 हजारांवरून 2 लाख 30 हजारांवर गेली. वर्षभराची बेरीज केली तर एकूण 18 लाखांच्या वाढीतले जवळपास 11 लाख गुहागरचे निघतात. आता दरवाढीचा प्रश्न कुणी काढला तरी तुमच्याकडे उत्तर आहे.

त्यातून ओळ अशी होते:

"शृंगारतळी येथे उपवितरक उभा करून गुहागर तालुक्यातली फेरी पंधरवड्यावरून आठवड्यावर आणली, दरमहा बिल होणारी दुकानं 71 वरून 163, मासिक सेकंडरी विक्री दुपटीहून अधिक (मार्च 2024 ते मार्च 2025)."

या ओळीत चार गोष्टी आहेत: तुम्ही काय केलंत, कुठे, कितीचं किती झालं आणि किती काळात. यातली एक जरी गाळली तरी ओळ लंगडते. नुसतं "दुकानं 130 टक्क्यांनी वाढवली" लिहिलंत तर वाचणारा मनात म्हणेल, दहाची तेवीस झाली असतील. म्हणून मूळ आकडा छोटा असेल तिथे टक्के न देता "71 वरून 163" असंच लिहायचं. मूळ आकडा मोठा असेल तर टक्के चालतात.

आता क्रियापद. मी "नेमला" लिहिलं नाही, "उभा केला" लिहिलं, याला कारण आहे. तुमच्या हुद्द्यावरचा माणूस उपवितरक नेमत नाही. माणूस शोधणं, त्याचं गोदाम आणि भांडवल पाहणं, फेऱ्या आखून देणं आणि प्रस्ताव वर पाठवणं हे तुमचं. सही एरिया मॅनेजरची. उद्या रत्नागिरीहून तुमच्या जुन्या साहेबांना फोन गेला आणि ते म्हणाले, "नेमला मी, त्याने माणूस आणला", तर एका क्रियापदापायी सगळा कागद संशयात येतो. "उभा केला" हे ते साहेबही मान्य करतील. जोरदार क्रियापद हवं म्हणून लोक "नेतृत्व केलं", "क्रांतिकारी बदल घडवला" असलं काहीतरी लिहितात. त्यात जोर कसला? गाडी, गोदाम, बिल, दुकान यांच्याबरोबर प्रत्यक्ष वापरता येईल असंच क्रियापद निवडा: उघडली, आखली, बसवली, वसूल केली, घटवली, परत सुरू केली. तुमच्या आत्ताच्या पाचही ओळी "-णे"ने संपतात: पाहणे, राखणे, करणे, देणे. ते काम तुमच्या आधीच्या माणसाचंही होतं आणि नंतर येणाऱ्याचंही असेल. इंग्रजीत हीच गत "रिस्पॉन्सिबल फॉर"ची होते. रेझ्युमे इंग्रजीतच जाणार असेल, तर "सेट अप", "रिकव्हर्ड", "कट" असे साधे शब्द ओळीच्या तोंडाशी ठेवा.

मुलाखतीत या ओळीवर एक खोच येईल, तीही आत्ताच सांगतो. कुणीतरी भागाकार करेल: आधी 71 दुकानांत 1 लाख 10 हजार, म्हणजे दुकानामागे साधारण 1,550 रुपये. आता 163 दुकानांत 2 लाख 30 हजार, म्हणजे 1,410. "दुकानामागची विक्री घटली की हो!" गडबडू नका. नवी दुकानं वाडीतली, टपरीवजा आहेत, त्यांची सरासरी कमीच असणार. विचारायचा प्रश्न हा की जुन्या 71 ची विक्री घटली का. बिलांच्या यादीतून तेवढी दुकानं वेगळी काढून बघा आणि तो आकडा डोक्यात ठेवून जा. ती घटली असेल, तर नवी दुकानं उघडताना जुन्यांकडे दुर्लक्ष झालं असा अर्थ निघतो, आणि मग तसं उत्तर तयार ठेवावं लागेल.

वसुलीची ओळ तुम्ही "थकबाकी वसूल करणे" एवढीच लिहिलीत. शीटमध्ये 21 दिवसांपुढची बाजारातली थकबाकी 6 लाख 40 हजारांवरून 2 लाख 10 हजारांवर आलीय. चांगली उतरलीय. पहिल्या झटक्यात कुणीही लिहील, "4 लाख 30 हजारांची थकबाकी वसूल केली." पण त्याच कोष्टकाच्या तळाला वितरकाने सोडून दिलेले 80 हजार आहेत. बंद पडलेली दोन दुकानं आणि एक गाव सोडून गेलेला दुकानदार. ते पैसे तुम्ही आणले नाहीत, ते बुडाले. म्हणून वसूल केली ती 3 लाख 50 हजारच. रक्कम उतरली आणि रक्कम वसूल झाली या दोन वेगळ्या गोष्टी, आणि वितरकाला विचारलं तर तो हा फरक पैशापर्यंत सांगेल, कारण पैसे त्याचे होते.

कसं केलंत, तेही लिहा. बिलाला बिल, म्हणजे जुनं बिल चुकल्याशिवाय नवा माल नाही, ही पद्धत तुम्ही आधी चिपळूण बाजारपेठेत आणि मग खेडला लावलीत, असं शेऱ्यांवरून दिसतं. ओळ होईल:

"बिलाला बिल पद्धत लावून 21 दिवसांपुढची बाजार थकबाकी एका वर्षात 6.4 लाखांवरून 2.1 लाखांवर आणली, पैकी 3.5 लाख प्रत्यक्ष वसूल."

असा कडक नियम लावला की दुकानदार रुसतो आणि माल दुसरीकडून घेतो. म्हणून "विक्री पडली नाही का?" हा प्रश्न ठरलेला. तुमची चिपळूणची विक्री त्या वर्षात घसरलेली नाही, हे सांगायला विसरू नका. रेझ्युमेत नको, तोंडी पुरे.

"मासिक टार्गेट पूर्ण करणे" ही ओळ मात्र दोन शब्दांत सुधारते. वर्षाचं टार्गेट 1 कोटी 50 लाख, झाले 1 कोटी 56 लाख, म्हणजे 104 टक्के. आणि 12 पैकी 9 महिने टार्गेट पार. दोन्ही द्या. नुसते 104 टक्के एखाद्या गणपतीच्या महिन्यानेही येतात, 9 महिन्यांमुळे सातत्य दिसतं. हुकलेले तीन महिने लपवू नका, त्यातले दोन जून आणि जुलै आहेत. भर पावसात रस्ते आणि गिऱ्हाईक दोन्ही थंडावतात, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"वरिष्ठांना अहवाल देणे" सरळ काढा. अहवाल सगळेच देतात. "चार सेल्समनना मार्गदर्शन" हीही काढा, किंवा खरी करा. ते चौघे वितरकाच्या पगारावर आहेत, तुमच्या हाताखाली नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याची रोजची बिलं तुमच्यामुळे वाढल्याचं दाखवता येत असेल तर लिहा. तुमच्या शीटवरून मला तरी ते दिसत नाही.

म्हणजे कामाची व्याप्ती अजिबात सांगायची नाही, असं नव्हे. हुद्द्याच्या खाली एकच ओळ: तीन तालुके, किती वितरक, यादीतली 610 दुकानं, वितरकांचे चार सेल्समन. ती वाचली की पुढचे आकडे कशाच्या तुलनेत आहेत ते कळतं. त्याखाली चार ओळी पुरतात, आणि त्यांचा क्रम असा ठेवा: आधी गुहागर, मग वर्षाची वाढ आणि टार्गेट, मग थकबाकी. चौथीसाठी मला शीटमध्ये एक जागा दिसतेय. पावसाळ्यात परत येणारा सादळलेला आणि मुदत संपलेला माल तुम्ही वेगळ्या रकान्यात मांडलाय, पण एकाच वर्षाचा. त्याच्या आदल्या वर्षीचा आकडा वितरकाच्या क्लेमच्या फाइलमध्ये असतो. तो मिळाला आणि विक्रीच्या तुलनेत टक्के उतरले असतील, तर ती ओळ करा. उतरले नसतील तर तीनच ओळी ठेवा. चौथी भरायची म्हणून भरू नका.

एक वेगळी गोष्ट बजावून सांगतो. ही शीट रेझ्युमेला जोडू नका, मुलाखतीत टेबलावरही ठेवू नका. तुम्ही जिथे अर्ज करताय ती कंपनी तुमच्या सध्याच्या कंपनीची स्पर्धक असू शकते. वितरकांची नावं, त्यांचं मार्जिन, दुकानवार विक्री, योजनांचे दर हे सगळं तुमच्या कंपनीचं. तालुक्याच्या विक्रीचे रुपये द्यायलाही अवघडल्यासारखं वाटत असेल, तर "दुपटीहून अधिक" आणि टक्के एवढ्यावर भागतं, म्हणूनच वरच्या गुहागरच्या ओळीत मी रुपये घातलेले नाहीत. थकबाकीच्या ओळीतही रक्कम नको वाटली तर "दोन तृतीयांश घटवली" लिहा, ते बरोबर बसतं. जो माणूस आजच्या कंपनीचे कागद दाखवतो तो उद्या आपलेही दाखवेल, असं समोरचा साहेब मनात नोंदवतो.

राहता राहिलं, दोन वर्षांआधीचं. त्या वर्षांचे आकडे तुम्ही पाठवलेले नाहीत. बहुधा ते कंपनीच्या ॲपमध्ये असतील. राजीनामा दिला की लॉगिन बंद होतं. म्हणून तीन-चार आकडे आत्ताच एका वहीत हाताने उतरवून ठेवा: त्या वर्षांतली बिल होणारी दुकानं, तिमाहीची सेकंडरी, टार्गेट आणि थकबाकी. स्क्रीनचे फोटो नकोत, फाइल मेलवर पाठवणंही नको. वही पुरते.